बग कळवताना काय काय लिहायचं: काटापट्टी ॲपच्या टेस्टर मंडळींसाठी

नमस्कार मंडळी,

कापसाचा हंगाम तोंडावर आहे. आवक वाढली की पांढरकवडा, वणी, राळेगाव, हिंगणघाट अशा सगळ्या बाजूंनी तुमचे बग रिपोर्ट यायला लागतील. त्याआधी ही टिपण नीट वाचून घ्या. इथून पुढे अपुरा रिपोर्ट आला तर तो डेव्हलपरकडे जाणार नाही, काय राहिलं ते लिहून मीच परत पाठवीन.

नियमांची यादी देण्यापेक्षा मागच्या हंगामातला एकच बग घेतो आणि रिपोर्टात काय असायला हवं होतं ते त्याच्यावर दाखवतो. रिपोर्ट आला तो असा:

> वजन सेव्ह होत नाही. काटापट्टी करताना ॲप बंद पडते. नेट नसताना होते. अर्जंट.

डेव्हलपरने आपल्या फोनवर काटापट्टी केली, झाली. नेट बंद करून केली, तरीही झाली. त्याने "माझ्याकडे होत नाही" असं लिहून रिपोर्ट बंद केला, आणि त्याच्या जागी कुणीही असतं तरी हेच केलं असतं. तिकडे जिनिंगमधला काट्यावरचा मुलगा फोनवर सांगत होता, "भाऊ, सेव्ह दाबलं का ॲप बंदच पडून रायलं." तो खोटं बोलत नव्हता आणि डेव्हलपरही नाही. दोघांच्या फोनमध्ये एक फरक होता आणि तो रिपोर्टात कुठेच नव्हता.

मथळा

"वजन सेव्ह होत नाही" या मथळ्याचे रिपोर्ट आपल्याकडे ढिगाने सापडतील. कोणत्या पडद्यावर, काय केल्यावर, काय होतं, या तीन गोष्टी मथळ्यात आल्या पाहिजेत. "रिकाम्या गाडीचं वजन भरून सेव्ह दाबल्यावर ॲप बंद पडतं" एवढं लिहिलं असतं तरी भरल्या गाडीचं वजन व्यवस्थित जातंय आणि गडबड त्यानंतर आहे, हे मथळ्यातूनच समजलं असतं. मथळ्यात कारण लिहू नका. "नेटमुळे सेव्ह होत नाही" हा तुमचा अंदाज असतो आणि वाचणारा तोच धरून बसतो. अंदाज जरूर लिहा, पण शेवटी आणि "अंदाज" असं म्हणूनच.

कोणत्या फोनवर, कोणत्या ॲपवर

ॲपची आवृत्ती लिहिताना नाव आणि कोड दोन्ही लिहा. चाचणीच्या काळात नाव तेच ठेवून आपण कोड वाढवत जातो, त्यामुळे "२.४ वर होतं" एवढ्याने काही ठरत नाही. फोनचं मॉडेल, अँड्रॉइडची आवृत्ती, चाचणीचा सर्व्हर की खरा सर्व्हर, आणि लॉगिन काटेवाल्याचं की केंद्रप्रमुखाचं, हेही हवं.

यानंतर येते ती सगळ्यात जास्त वेळा राहून जाणारी गोष्ट: फोनची भाषा. ऑफिसातले आपले बहुतेक फोन इंग्रजीत असतात. केंद्रावरच्या मुलाने मात्र फोन घेतल्या दिवशीच मराठी लावलेली असते. अँड्रॉइड १३ पासून प्रत्येक ॲपची भाषा वेगळी ठेवता येते, म्हणून फोनची भाषा आणि ॲपची भाषा अशा दोन नोंदी करा. सेटिंगमध्ये जाऊन डोळ्यांनी पाहा, आठवणीवर विसंबू नका.

फोन केबलने कॉम्प्युटरला जोडलेला असेल आणि यूएसबी डीबगिंग चालू असेल तर बाकीची माहिती अशी मिळते:

```
adb shell getprop ro.product.model
adb shell getprop ro.build.version.release
adb shell getprop persist.sys.locale
adb shell "dumpsys package com.example.kata | grep version"
```

तिसऱ्या ओळीचं उत्तर `mr-IN` आलं तर फोन मराठीत आहे. काही फोनवर भाषा कधीच बदललेली नसते, तेव्हा हे उत्तर रिकामं येतं. अशा वेळी सेटिंगमध्ये दिसतं ते लिहा. शेवटच्या ओळीत आपल्या ॲपचं खरं पॅकेज नाव टाका, इथे नमुन्याचं दिलं आहे.

पायऱ्या

पायऱ्या अशा लिहा की ज्याने जिनिंग कधी पाहिलं नाही, त्यालाही त्या करता याव्यात. आपला सर्व्हरचं काम पाहणारा डेव्हलपर काट्यावर कधी उभा राहिलेला नाही. आधी भरली गाडी, मग खाली करून रिकामी गाडी, हा क्रम त्याच्या डोक्यात आपोआप येत नाही.

सुरुवात कुठून केली ते आधी लिहा: ॲप नुकतंच उघडलं होतं की सकाळपासून चालू होतं, यादीत आधीच्या पट्ट्या होत्या की यादी रिकामी होती. मग एका ओळीत एकच कृती. आणि आकडे प्रत्यक्ष टाकलेलेच लिहा. "वजन टाकलं" असं नको, "भरली गाडी २८६५ किलो, रिकामी गाडी १६४० किलो" असं हवं. निव्वळ १२२५ किलो, म्हणजे १२.२५ क्विंटल. काही बग ठरावीक आकड्यांवरच येतात. निव्वळ वजन शून्य आलं, रिकाम्याचं वजन भरल्यापेक्षा जास्त पडलं, किंवा क्विंटलमध्ये दशांश आला, तरच ते दिसतात. आकडा नसेल तर डेव्हलपर १००० आणि ५०० टाकून पाहणार आणि त्याला काहीच सापडणार नाही.

लिहून झालं की आपल्याच पायऱ्या वाचत वाचत एकदा पुन्हा करा. बग आला नाही, तर काहीतरी लिहायचं राहिलं आहे.

काय व्हायला हवं होतं, काय झालं

या दोन गोष्टी वेगवेगळ्या लिहा. "काय व्हायला हवं होतं" मध्ये आधारही द्या: मागच्या आवृत्तीत असं होत होतं, किंवा कामाच्या कागदात असं ठरलं आहे. आपल्या केसमध्ये हवं होतं ते असं: निव्वळ वजन १२.२५ क्विंटल दिसावं, पट्टी यादीत यावी आणि छपाईचं बटण चालू व्हावं.

"काय झालं" इथे "ॲप बंद पडलं" म्हणून थांबू नका. परत उघडल्यावर काय दिसलं? भरल्या गाडीचं वजन यादीत राहिलं होतं, रिकाम्याचं गेलं होतं. म्हणजे शेतकऱ्याची गाडी पुन्हा काट्यावर घ्यावी लागणार, आणि ती फाटकाबाहेर गेली असेल तर परत बोलवावी लागणार. हंगामात याला किती शिव्या बसतात ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. बगची गंभीरता या एका ओळीवरून ठरते आणि पहिल्या रिपोर्टात नेमकी तीच नव्हती.

चूक दाखवणारा मजकूर आहे तसाच

या मुद्द्यावर थोडा थांबतो, कारण हा बग इथेच लपला होता.

ॲप एकदम बंद पडतं तेव्हा स्क्रीनशॉटमध्ये फक्त फोनचा मुख्य पडदा येतो. त्याचा काही उपयोग नाही. अशा वेळी लॉग हवा:

```
adb logcat -b crash -d > crash.txt
```

लॉगची जागा मर्यादित असते, नवीन ओळी आल्या की जुन्या पुसल्या जातात. म्हणून बग आल्या आल्या लॉग काढा, संध्याकाळी घरी येऊन नाही. जवळ कॉम्प्युटर नसेल तर फोनच्या डेव्हलपर पर्यायांमध्ये बग रिपोर्ट घेण्याची सोय असते. त्यातून एक झिप फाइल तयार होते, ती जपून ठेवा.

आपल्या बगच्या लॉगमधल्या कामाच्या ओळी या होत्या:

```
E AndroidRuntime: FATAL EXCEPTION: main
E AndroidRuntime: java.lang.NumberFormatException: For input string: "१२.२५"
```

अवतरणचिन्हातला आकडा पाहा. तो देवनागरीत आहे. दुसऱ्यांदा आलेल्या रिपोर्टात हीच ओळ होती, पण हाताने टाइप केलेली, आणि टाइप करताना तो आकडा झाला `12.25`. डेव्हलपरने पाहिलं आणि तो चक्रावला, कारण `12.25` मध्ये चूक काहीच नाही, तो आकडा कुठलाही प्रोग्राम वाचतो. सगळा पुरावा त्या चार अंकांच्या लिपीत होता आणि तो टाइप करताना पुसला गेला. म्हणून नियम: चुकीचा मजकूर कॉपी करून चिकटवा. टाइप करायचा नाही, भाषांतर करायचं नाही, "नीटनेटका" करायचा नाही.

विंडोजवर याच्यातच आणखी एक खोड आहे. वरची आज्ञा साध्या कमांड प्रॉम्प्टमध्ये चालवा. जुन्या पॉवरशेलमध्ये `>` ने फाइल काढली की देवनागरी अक्षरांच्या जागी अगम्य चिन्हं येऊ शकतात. फाइलमध्ये अशी चिन्हं दिसली तर ती खोडू नका, साध्या प्रॉम्प्टमधून लॉग पुन्हा काढा.

किती वेळा येतो, आणि काय बदललं की जातो

"कधी कधी येतो" हे उत्तर मी घेणार नाही. पाच वेळा करून पाहा आणि "५ पैकी ५" किंवा "५ पैकी २" असं लिहा. ५ पैकी ५ आला तर तो ठरावीक परिस्थितीला बांधलेला आहे आणि ती परिस्थिती शोधता येते. ५ पैकी २ आला तर शंका वेळेवर, नेटवर किंवा एकाच वेळी चाललेल्या दोन कामांवर जाते.

मग एका वेळी एकच गोष्ट बदला. आपल्या एका टेस्टरने हे फार छान केलं, म्हणून तिने जसं केलं तसंच सांगतो.

काटेवाला म्हणाला होता की नेट नसताना होतं. तिने नेट चालू करून केलं, तरी बंद पडलं. म्हणजे नेट सुटलं. मग संशय स्वस्त फोनवर गेला. तिने ऑफिसातून त्याच मॉडेलचा, त्याच अँड्रॉइडचा, तीच आवृत्ती टाकलेला दुसरा फोन घेतला. त्याच्यावर पट्टी झाली! मॉडेलही सुटलं. मग दोन्ही फोन शेजारी ठेवून सेटिंग वरपासून खालपर्यंत ताडून पाहिलं. केंद्रावरचा फोन मराठीत होता, ऑफिसातला इंग्रजीत. तिने ऑफिसातल्या फोनची फक्त भाषा मराठी केली. बंद पडलं. परत इंग्रजी केली, पट्टी झाली. ही परत उलटून पाहण्याची पायरी टाळू नका. एकदा बदलून बग आला एवढ्याने तो योगायोग नव्हता हे सिद्ध होत नाही.

आकडेही तिने बदलून पाहिले. १२.०० क्विंटल पूर्ण येईल अशी वजनं टाकली, तरी बंद पडलं. टोकन क्रमांक मात्र मराठी फोनवरही बिनतक्रार जात होता. ही शेवटची ओळ तिने सहज म्हणून लिहिली होती, पण डेव्हलपरला कोडमधली जागा सापडली ती त्याच ओळीमुळे. कोड साधारण असा होता:

```
String s = String.format("%.2f", quintal);
double q = Double.parseDouble(s);
```

पहिल्या ओळीत भाषा सांगितलेली नाही, म्हणून ती फोनची भाषा उचलते आणि मराठी फोनवर देवनागरी अंक तयार करते. दुसरी ओळ फक्त इंग्रजी अंक वाचते आणि कोसळते. टोकन क्रमांक `Integer.parseInt` ने वाचला जातो आणि त्याला देवनागरी अंक समजतात. म्हणून पूर्ण संख्या चालायची आणि दशांशाचा मजकूर पडायचा. दुरुस्ती एका शब्दाची होती:

```
String s = String.format(Locale.US, "%.2f", quintal);
```

तुम्ही कोड वाचावा अशी माझी अपेक्षा नाही. पण काय केल्यावर बग *येत नाही* हे रिपोर्टात लिहिलंत, तर कोड वाचणाऱ्याचं निम्मं काम होतं.

वेळ

बग आला ती वेळ मिनिटापर्यंत लिहा आणि ती भारतीय वेळ आहे असंही लिहा. आपल्या सर्व्हरच्या नोंदी यूटीसीमध्ये असतात, म्हणजे साडेपाच तास मागे. तुमच्याकडचे दुपारचे २ वाजून १० मिनिटं तिथे सकाळचे ८ वाजून ४० मिनिटं असतात. या केसमध्ये त्या मिनिटाला सर्व्हरवर काहीच आलेलं नव्हतं, आणि त्यावरूनच गडबड फोनमध्येच आहे हे ठरलं.

गंभीरता

"अर्जंट" लिहू नका. कोणता बग आधी घ्यायचा ते मी ठरवतो. तुम्ही तीन गोष्टी सांगा: काम अडतं का, भरलेली माहिती जाते का, आणि पैशाचा किंवा वजनाचा आकडा चुकतो का. तिसऱ्याला मी कायम सगळ्यात वर ठेवतो. ॲप बंद पडलं की निदान सगळ्यांना दिसतं. १२.२५ च्या जागी १.२२ क्विंटल गुपचूप नोंदलं गेलं तर पट्टी छापून जाते, पैसे जमा होतात आणि भांडण महिन्याभराने येतं.

तात्पुरता उपाय सापडला असेल तर तोही लिहा. इथे तो होता: फोनची भाषा इंग्रजी करा. त्यावर केंद्रं दोन दिवस निभावली.

काय टाकायचं नाही

शेतकऱ्याचा आधार क्रमांक, बँक खातं, मोबाइल क्रमांक, सातबाऱ्याचा फोटो यातलं काहीही रिपोर्टात नको. स्क्रीनशॉटमध्ये आलं तर पक्क्या काळ्या पट्टीने झाका, धूसर करणं पुरत नाही. पायऱ्या शक्यतो चाचणीच्या खात्यावरच करून दाखवा. लॉगमध्येही असे क्रमांक येऊ शकतात, म्हणून फाइल जोडण्याआधी एकदा शोधून घ्या. ॲपच लॉगमध्ये आधार क्रमांक लिहीत असेल तर तो वेगळा आणि मोठा बग आहे, त्याचा वेगळा रिपोर्ट करा.

एकूणच एका रिपोर्टात एकच बग. "शिवाय छपाईही वाकडी येते" हे शेपूट जोडलं की पहिला सुटल्यावर रिपोर्ट बंद होतो आणि छपाई तशीच राहते.

पूर्ण रिपोर्ट

तोच बग, लिहायला हवा होता तसा:

> मथळा: मराठी भाषेच्या फोनवर रिकाम्या गाडीचं वजन सेव्ह करताना ॲप बंद पडतं
>
> ॲप: आवृत्तीचं नाव आणि कोड, चाचणी सर्व्हर, काटेवाल्याचं लॉगिन
>
> फोन: मॉडेल, अँड्रॉइड आवृत्ती. फोनची भाषा मराठी, ॲपला वेगळी भाषा लावलेली नाही
>
> सुरुवात: ॲप नुकतंच उघडलं, यादी रिकामी, नेट चालू
>
> पायऱ्या:
> १. नवीन काटापट्टी उघडली.
> २. भरली गाडी २८६५ किलो टाकून सेव्ह केलं. झालं.
> ३. यादीतून तीच गाडी उघडली.
> ४. रिकामी गाडी १६४० किलो टाकून सेव्ह दाबलं.
>
> हवं होतं: निव्वळ १२.२५ क्विंटल दिसावं, छपाईचं बटण चालू व्हावं. इंग्रजी फोनवर असंच होतं.
>
> झालं: ॲप बंद पडलं. परत उघडल्यावर भरलं वजन आहे, रिकामं गेलं. लॉग जोडला आहे.
>
> किती वेळा: ५ पैकी ५. नेट बंद असतानाही ५ पैकी ५. त्याच फोनची भाषा इंग्रजी केल्यावर ५ पैकी ०, परत मराठी केल्यावर पुन्हा ५ पैकी ५.
>
> इतर: १२.०० क्विंटललाही येतो. टोकन क्रमांक मराठी फोनवर व्यवस्थित जातो.
>
> वेळ: शेवटचा दुपारी २.१०, भारतीय वेळ
>
> परिणाम: काम अडतं, गाडी पुन्हा काट्यावर घ्यावी लागते. चुकीचं वजन नोंदलं गेलेलं दिसलं नाही. तात्पुरता उपाय: फोनची भाषा इंग्रजी करणे.

पायऱ्या पाठ असतील तर हे लिहायला फार वेळ लागत नाही. वेळ जातो तो पाच-पाच वेळा करून पाहण्यात, आणि तो मी तुमच्या कामाच्या वेळेतच धरतो.

दुरुस्ती तपासताना

दुरुस्त आवृत्ती आली की त्याच फोनवर, त्याच आकड्यांनी, त्याच पायऱ्या करा. ॲप बंद पडलं नाही एवढ्यावर बग मिटला म्हणू नका. कधी कधी घाईत चूक नुसती गिळली जाते आणि आकड्याच्या जागी शून्य बसतं. म्हणून केंद्रप्रमुखाच्या लॉगिनने तीच पट्टी उघडा आणि सर्व्हरवरून आलेलं वजन १२.२५ च आहे का ते पाहा. छापलेल्या पट्टीवरही पाहा.

मग तोच प्रकार ॲपमध्ये अजून कुठे असू शकतो तिकडे वळा. आपल्याकडे दशांश आणखी तीन ठिकाणी येतो: ओलाव्याचं प्रमाण, क्विंटलचा दर आणि हमाली-तोलाईची कपात. तिन्ही ठिकाणी मराठी फोनवर, आणि मराठी कीबोर्डवरून थेट देवनागरी अंक टाकूनही, पाहून घ्या. त्या केसमध्ये ओलाव्याच्या रकान्यात तोच बग पुन्हा सापडला. त्याचा वेगळा रिपोर्ट झाला आणि त्यात पहिल्या रिपोर्टाचा क्रमांक दिला होता, त्यामुळे तो त्याच दिवशी मिटला.